चौदा फ्रेमचा घण

अकरा वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं होतं. साध्या रेघांच्या कागदावर, निळ्या शाईत, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. मी त्याचं उत्तर दिलं नाही.

आमचा धंदा गेम बनवण्याचा. तिथे कागदावर पत्र येणं म्हणजे नवलच. लोक शिव्या देतात त्या इंटरनेटवर, आणि कौतुक करायचं असेल तर तेही तिथेच. त्यामुळे ते पाकीट ऑफिसात आलं तेव्हा चार जणांनी हाताळलं आणि शेवटी माझ्या टेबलावर टाकलं. पाकिटावर ‘घणाचं काम ज्यांनी केलं त्यांस’ असं लिहिलेलं होतं आणि घणाचं काम मी केलं होतं.

‘नमस्कार,’ पत्रात होतं. ‘एकतीस वर्षं मी फोर्जिंगच्या शेडमध्ये घण चालवला. आता घरी असतो. मुलीने तुमचा गेम आणून दिला. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं कामावर गेली, त्यामुळे मला बटण धडाधड दाबता येत नाही, मी एकदाच दाबतो. तुमचा घण बसतो तेव्हा खरोखर बसल्यासारखा वाटतो. ज्याने केला त्याला घण माहीत असणार. पण एक गोष्ट. घाव बसला की त्याच क्षणी दुसरा उचलायचा असतो, ते हाताला आपोआप कळतं. मी त्या क्षणी बटण दाबतो, पण तुमचा गडी घण उचलतच नाही. जरा थांबून दाबलं तर उचलतो. मुलगी म्हणते, बाबा, तुमचा हात मंदावला. माझंच चुकतं का, एवढं कळवावं.’

मला घण माहीत नव्हता. मी आयुष्यात पुस्तकांहून जड काही फारसं उचललेलं नाही. मी फक्त आकडे लावले होते.

हे आकडे म्हणजे काय, ते सांगायला हवं. मला नीट सांगता येईल असं नाही, पण प्रयत्न करतो. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं येतात, त्यातलं एकेक चित्र म्हणजे एक फ्रेम. घण मागे नेऊन डोक्यावर घेण्यापर्यंत बावीस फ्रेम. मग चार फ्रेम घाव ‘जिवंत’ असतो. त्या चार फ्रेमपुरता घणाच्या तोंडाभोवती एक न दिसणारा डबा असतो, तो हिटबॉक्स. समोरच्या शत्रूच्या अंगाभोवतीही तसेच डबे असतात, ते हर्टबॉक्स. हा डबा त्या डब्याला लागला की घाव बसला. चित्रात घण लागलेला दिसतो की नाही याच्याशी मशीनला काही देणंघेणं नसतं. त्यानंतर तीस फ्रेम सावरण्याच्या. घाव लागलाच असेल तर मात्र ते सावरणं मध्येच तोडून पुढचा घाव सुरू करायची मुभा असते.

आणि वजन येतं ते या सगळ्याच्या मधल्या एका थांब्यातून. डबे भिडले की त्याच फ्रेमवर मारणारा आणि मार खाणारा दोघंही जागच्या जागी गोठतात. मार खाणारा जरासा थरथरतो, मारणारा अजिबात हलत नाही. आवाज पहिल्याच फ्रेमला येतो. मग सगळं सुटतं. त्याला हिटस्टॉप म्हणतात. हा थांबा काढला तर घण उशीसारखा लागतो.

त्या जुन्या गेममध्ये तो थांबा आधी सहा फ्रेमचा होता. डिस्क छापायला जायच्या चार दिवस आधी मी तो चौदा केला. खोलीतल्या लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि शेवटचीही.

पत्र आल्यावर मी गेम एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिला, तेव्हा चूक सापडली. खेळणाऱ्याने बटण थोडं आधी दाबलं तरी मशीन ते दहा फ्रेम लक्षात ठेवतं आणि संधी मिळाली की वापरतं. पण हे दहा मोजणारं घड्याळ वेगळं होतं. थांब्यात चित्राचं घड्याळ थांबायचं, बटणाचं चालूच राहायचं. थांबा सहाचा होता तोवर काही बिघडत नव्हतं. चौदाच्या थांब्यात मात्र घावाच्या क्षणी दाबलेलं बटण थांबा संपण्याआधीच विसरलं जायचं. पाच-सहा फ्रेम उशिरा दाबणाऱ्याचं चालायचं. धडाधड दाबणाऱ्याचंही चालायचं, त्याचं एखादं तरी बटण वेळेत पडायचंच. आमची टेस्टर पोरं सगळी धडाधड दाबणारी. बरोबर क्षणी, एकदाच दाबणारा माणूस तेवढा मार खायचा.

डिस्क छापून झाल्या होत्या. तेव्हाचे साहेब म्हणाले, ‘एका माणसाची तक्रार आहे ना? जाऊ दे.’ दुरुस्तीशिवाय त्या माणसाला काय लिहावं, ते मला कळेना. उद्या लिहू म्हणता म्हणता महिना गेला. मग इतक्या उशिरा लिहायचं कसं, याची लाज वाटू लागली आणि वर्ष गेलं.

त्यानंतर मी एक नियम केला. हिटस्टॉप आठच्या वर न्यायचा नाही. आठमध्ये ती चूक लपते. कुणी कारण विचारलं की सांगायचो, ‘जास्त थांबा बरा दिसत नाही.’ मी वयाने मोठा, बोलतो कमी, त्यामुळे लोकांना वाटायचं यात काही खोल अर्थ असणार. नव्या माणसांना हा नियम शिकवला जायचा. ऑफिसात त्याला ‘काकांचं आठ’ म्हणायचे.

यंदा आम्ही तोच जुना गेम नव्याने करायला घेतला, आणि घण परत आला.

आमची मुख्य डिझायनर पस्तिशीची. तिला सगळे कॅप्टन म्हणतात, तोंडावरही. तिने पहिल्याच आठवड्यात माझ्या तक्त्यातला आठ खोडून चौदा लिहिला. ‘काका, रागावू नका,’ ती म्हणाली, ‘पण जुन्या गेममध्ये चौदाच होता, मी मोजलाय. त्या घणावर तेव्हा जीव होता माझा.’

मी मान हलवली. बोलायची ती वेळ होती. बटणाचं घड्याळ कुणीतरी एव्हाना नीट केलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. तपासून पाहिलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. मी पाहिलं नाही.

मग बाहेरची चोवीस माणसं बोलावून त्यांना गेम खेळायला दिला. त्यातल्या अकरा जणांनी लिहिलं की घण अडकतो, ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं चाचणीच्या खोलीत बसलो. खिडकीचा पडदा ओढलेला, जमिनीवर वायरींचा गुंता, टेबलावर कालचेच कप. कॅप्टन, मी, इंजिनचा कोड सांभाळणारी प्रोग्रामर बाई आणि पेन्सिल. पेन्सिल म्हणजे आमचा अॅनिमेटर. चाळिशीचा, काटकुळा, दहा वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला. घणाची प्रत्येक हालचाल त्याची. तीन महिने तो त्या बावीस फ्रेमवर खपला होता. पायाचा चवडा आधी वळतो, मग कंबर, मग खांदा, आणि घण सगळ्यात शेवटी निघतो. आरशासमोर कुदळ घेऊन उभा राहून तो ते शिकला होता. त्यात पाठ धरली, तर चार दिवस रजेवर होता.

‘आधी डबे बघू,’ कॅप्टन म्हणाली.

प्रोग्रामर बाईने डबे दिसतील असं केलं. घणाभोवती लाल, शत्रूभोवती निळे. तेविसाव्या फ्रेमला लाल डबा उमटला आणि निळ्यात घुसला. त्याच फ्रेमला दोघं गोठले.

‘लाल डबा चित्रापेक्षा थोडा मोठाच आहे,’ प्रोग्रामर बाई म्हणाली. ‘खेळणाऱ्याला झुकतं माप. यात काही खोट नाही.’

‘मग अडकतं कुठे?’ कॅप्टनने डोळे चोळले. तीन आठवडे तिला सुट्टी नव्हती. आम्हा कुणालाच नव्हती. ‘गंमत म्हणजे तक्रार करणारे अकराही जण चांगले खेळणारे आहेत. ज्यांना खेळता येत नाही ते सगळे खूश!’

‘मग आपण सगळेच खूश असायला हवं,’ पेन्सिल म्हणाला. कुणी हसलं नाही.

‘सुरुवात लांबलचक आहे,’ कॅप्टन शेवटी म्हणाली. ‘बावीस फ्रेम. चांगल्या खेळाडूला तेवढं थांबवत नाही, तो त्यालाच अडकणं म्हणतो. बारावर आणू.’

पेन्सिलने खुर्ची मागे सरकवली. ‘बारा? कॅप्टन, बावीस फ्रेममध्ये तो माणूस घण उचलतो. बारा फ्रेममध्ये तो केरसुणी उचलेल.’

‘केरसुणी तर केरसुणी. शुक्रवारी दुपारी काम गोठवायचं आहे. त्यानंतर मला एक रेघही बदलता येणार नाही.’

‘मधल्या दहा फ्रेम काढल्या तर उरलेलं जुळणार नाही. सगळं नव्याने काढावं लागेल. दोन दिवसांत?’

‘दोन दिवसांत.’ तिचा आवाज खाली आला. ‘मलाही ते आवडत नाहीये रे.’

मग ती माझ्याकडे वळली. ‘काका, तुमचं काय मत?’

तिघंही माझ्याकडे बघत होते. पडद्यावर तो घणवाला शत्रूच्या छातीवर घण टेकवून गोठलेला होता. मी म्हणालो, ‘बघतो एकदा.’

बस्स. एवढंच म्हणालो. पेन्सिलने वही उचलली आणि तो आपल्या जागेवर गेला. दुपारभर तो माझ्या शेजारी बसून स्वतःच्या फ्रेम काढून टाकत होता. प्रत्येक फ्रेम पुसण्याआधी ती दोनदा पुढे-मागे चालवून बघायचा. मधे एकदा माझ्याकडे न बघताच म्हणाला, ‘कंबर गेली, काका. आता नुसता खांदा राहिला.’

संध्याकाळी घरी ताटावर बसलो तर घास तोंडात जाईना.

‘अहो,’ बायको म्हणाली, ‘ताट काही पळून जात नाहीये. पण तुम्हीही किती वेळ असे बसणार आहात?’

मी तिला सांगितलं. पत्राबद्दल पहिल्यांदाच सांगितलं. ती गेम खेळत नाही, हिटबॉक्स म्हटलं की तिला वाटतं मी डब्यांच्या कारखान्यात आहे. पण ती ऐकून घेते. मी उठून पत्र आणलं. तिने चष्मा लावून ते दोन्ही बाजूंनी वाचलं.

‘यांना गेम दुरुस्त करून हवा होता का?’

‘तसं लिहिलं नाहीये त्यांनी.’

‘मग? माझंच चुकतं का, एवढंच विचारलंय.’ तिने पत्र माझ्या ताटाशेजारी ठेवलं. ‘आणि त्यांचं चुकत होतं का?’

‘नाही.’

‘मग नाही एवढं लिहायला तुम्हाला अकरा वर्षं पुरली नाहीत?’

मी पत्राची घडी घातली.

‘आणि ते तुमचे पेन्सिल,’ ती आमटी वाढत म्हणाली, ‘त्यांना तरी सांगितलंत का?’

‘सांगितलं तर सगळ्यांना कळेल की मला माहीत होतं.’

‘कळू दे की. तुम्हाला माहीत आहे, हे मला आत्ता कळलंच ना? मी काय केलं तुमचं?’ तिने वाटी पुढे सरकवली. ‘जेवा. गार झालंय.’

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेलो. चाचणीच्या खोलीत एकट्याने घण चालवून पाहिला. पेन्सिलने अजून नवं काम त्यात चढवलं नव्हतं, त्यामुळे बावीस फ्रेम शाबूत होत्या. कुठलं बटण केव्हा दाबलं ते कोपऱ्यात दिसेल असं केलं आणि त्याच्या शेजारी बटणाच्या घड्याळाचा आकडा लावला. घड्याळ तसंच होतं. कुणीही नीट केलेलं नव्हतं. कोण करणार? माझ्या आठमुळे ते कुणाला दिसलंच नव्हतं.

कॅप्टन आल्याबरोबर मी तिला बोलावलं. प्रोग्रामर बाई आणि पेन्सिलही आले.

‘मी एकदाच दाबतो,’ मी म्हणालो. ‘घावाच्या क्षणी. बघा.’

घण पडला, मी दाबलं. घणवाला गोठला, सुटला, आणि सावरण्याच्या तीस फ्रेम पुऱ्या करून सरळ उभा राहिला. दुसरा घाव नाही.

‘उशिरा दाबलंत,’ कॅप्टन म्हणाली.

‘आता तेच एकेक फ्रेम करून बघू.’ मी मागे गेलो. थांब्याच्या दुसऱ्या फ्रेमला बटणाची खूण उमटली. कोपऱ्यात आकडा आला, दहा. मी एक फ्रेम पुढे सरकवली. चित्र तेच, आकडा नऊ. पुन्हा तेच चित्र, आठ. चित्र जागचं हलत नव्हतं आणि आकडा उतरत होता. थांब्याच्या बाराव्या फ्रेमला शून्य झाला. अजून दोन फ्रेम थांबा शिल्लक होता. चौदा संपल्यावर चित्र सुटलं, तेव्हा मशीनला बटणाची आठवणही राहिली नव्हती.

‘अगं बाई!’ प्रोग्रामर बाई पुढे वाकली. ‘घड्याळ थांबतच नाहीये. चित्र थांबतं आणि हे आपलं चालूच! हा भाग माझ्या आधीच्या माणसाचा. मी हात लावला नव्हता, चालतंय म्हणून.’

‘म्हणजे सुरुवातीच्या फ्रेमचा काही संबंध नाही?’ कॅप्टनने विचारलं.

‘काही नाही,’ मी म्हणालो. ‘चांगला खेळणारा तालात दाबतो. तालात दाबणाऱ्याचंच बटण हरवतं.’

‘दुरुस्तीला किती वेळ?’

‘थांबा चालू असताना आकडा उतरवायचा नाही, एवढंच,’ प्रोग्रामर बाई म्हणाली. ‘अर्धा तास. तपासायला दुपारपर्यंत.’

कॅप्टन खुर्चीत मागे टेकली. चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं. ते मी पुरतं येऊ दिलं असतं तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं. पण मग ते बोलणं कधीच झालं नसतं.

‘मला हे माहीत होतं,’ मी म्हणालो.

‘कालपासून?’

‘जुना गेम आला तेव्हापासून. अकरा वर्षं. आठचा नियम त्यासाठीच होता. चांगलं दिसत नाही वगैरे काही खरं नव्हतं.’

कॅप्टनचं हसू अर्ध्यावर राहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. ‘काका, मी नवीन पोरांना ते शिकवलंय,’ ती हळू म्हणाली. ‘स्वतः भाषणं दिलीयेत त्यावर.’

पेन्सिलने वही मिटली. तो उठून दारापर्यंत गेला आणि तिथून वळला.

‘गेल्या तीन गेममध्ये मी जड हत्यारं मागितली होती,’ तो म्हणाला. ‘कुऱ्हाड काढली होती मी. आठवते? तुम्ही म्हणालात, आठमध्ये ती खोटी वाटते, सुरी कर. मी केली. मला वाटलं, माझ्याच हातात वजन नाही.’

‘तुझ्या हातात वजन आहे.’

‘ते आता सांगताय.’

‘हो.’

‘काल दुपारभर शेजारी बसला होतात, काका. दहा फ्रेम पुसल्या मी.’

मी मान खाली घातली. तो गेला. थोड्या वेळाने त्याच्या टेबलावरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. कॅप्टन म्हणाली, ‘पुसलेलं सगळं जुन्या प्रतीत आहे. परत आणता येईल.’ तिने ते माझ्या समाधानासाठी म्हटलं की स्वतःच्या, मला कळलं नाही.

दुपारी दीडच्या सुमाराला दुरुस्ती झाली. कॅप्टनने स्वतः खेळून पाहिलं. घण पडला, तिने एकदाच दाबलं. जगाने चौदा फ्रेम श्वास रोखला, घणवाला सुटला आणि त्याच झटक्यात घण पुन्हा मागे गेला. पायाचा चवडा, कंबर, खांदा, सगळं शाबूत. तिने लागोपाठ सहा घाव घातले. शेवटच्या घावाला ती स्वतःच खुर्चीत दचकली.

‘पेन्सिल!’ तिने हाक मारली. ‘ये, बघ तुझी कंबर!’

तो आला. त्याने कंट्रोलर हातात घेतला, तीन घाव घातले, कंट्रोलर टेबलावर ठेवला. ‘बरं आहे,’ म्हणाला आणि माझ्याकडे न बघता परत गेला. तेवढंच मला त्या दिवशी मिळालं, आणि तेवढंही जास्त होतं.

मी माझ्या जागेवर बसून कोरा कागद घेतला. आधी दोन पानं लिहिली. त्यात घड्याळ, थांबा, डिस्क, साहेब, सगळं होतं. वाचून पाहिलं तर ती सगळी माझी वकिली होती. फाडून टाकलं. मग लिहिलं:

‘सप्रेम नमस्कार. आपलं पत्र अकरा वर्षांपूर्वी मिळालं. आपलं चुकत नव्हतं. आपण बरोबर क्षणी बटण दाबत होता आणि आमचं मशीन ते विसरत होतं. ती चूक माझी होती. हे मला तेव्हाच कळलं होतं आणि मी कळवलं नाही. आपला हात मंदावलेला नव्हता. कृपया मुलीलाही सांगावं. आज ती चूक दुरुस्त झाली.’

खाली नाव लिहिलं. माफी मागावी असं वाटलं, पण माफ करायचं ओझंही त्यांच्यावर कशाला टाका, म्हणून राहू दिलं. मग परत वाटलं, ते न लिहिणं हाही पळपुटेपणाच असेल. शेवटी ‘क्षमस्व’ एवढं लिहिलं.

ते गृहस्थ आहेत की नाहीत, त्या पत्त्यावर राहतात की नाही, मला माहीत नाही. मुलगी असेल कदाचित. किंवा कुणीच नसेल.

पोस्ट ऑफिस आमच्या रस्त्याच्या टोकाला. बंद व्हायला वीस मिनिटं होती. खिडकीतल्या बाईने पाकीट तराजूवर ठेवलं आणि पत्त्यावर बोट ठेवून म्हणाली, ‘आजोबा, हा पिन कोड जुना आहे. बदललाय तो.’

‘नवा काय आहे?’

तिने शोधून दिला. मी खिडकीवरच्या दोरीला बांधलेल्या पेनाने जुना खोडून नवा लिहिला. अक्षर वाकडं आलं.

‘घाईचं आहे का?’ तिने विचारलं. ‘घाईचं असेल तर स्पीड पोस्ट करा.’

‘करा,’ मी म्हणालो.

तिने शिक्का मारला, पावती दिली आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.